कोयता की चांदमारी: स्लाइडवरच्या दोन पेशी

रक्ताच्या स्लाइडवर शंभरच्या ऑइल लेन्सखाली सिकल पेशी आणि टार्गेट पेशी या दोन बिघडलेल्या तांबड्या पेशींत गल्लत सहसा होत नाही. सिकल पेशी कोयत्यासारखी वाकलेली, दोन्ही टोकं निमुळती, मधला फिकटपणा गेलेला. टार्गेट पेशी गोलच, पण मध्यभागी गडद ठिपका, भोवती फिकट कडं आणि बाहेर पुन्हा गडद कड.

गल्लत होते ती खरी कोणती आणि स्मिअरने घडवलेली कोणती, यात. टोकदार पेशींची टोकं सगळी एकाच दिशेला असतील, तर तो स्लाइड ओढताना आलेला ताण समजा. खऱ्या सिकल पेशी वाटेल तशा पडलेल्या असतात. टार्गेट पेशी एकाच पट्ट्यात दाटीने असतील आणि बाकी स्लाइड साफ असेल, तर दोष सावकाश वाळण्याचा. पावसाळ्यात हे हमखास होतं.

पुराव्याचं वजनही सारखं नाही. खरी सिकल पेशी सरळ हिमोग्लोबिन एस कडे बोट दाखवते. टार्गेट मात्र थॅलेसेमियात, यकृताच्या आजारात, प्लीहा काढल्यावरही दिसते. एकटीवर मी काही लिहीत नाही.

समजा विदर्भातल्या मुलाच्या स्लाइडवर दोन्ही आहेत आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ६४ इतकंच आहे. निव्वळ सिकल आजारात एमसीव्ही एवढा उतरत नाही, म्हणून सिकल-बीटा थॅलेसेमियाची शंका घ्यायची, लोह तपासायचं आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी मागायची. सिकल वाहकाची स्लाइड मात्र बहुधा साफच दिसते. तिथे स्लाइडवर विसंबू नका.