विंचखाली रबर घालावे की पोलादावर पोलाद बसवावे?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरचा विंच नव्याने बसवताना मालकापुढे हा प्रश्न येतोच. विंचचा तळ डेकवरच्या पोलादी पायावर थेट आवळावा, की हादरे आणि खारे पाणी अडावे म्हणून मध्ये रबराचा पट्टा घालावा? उत्तर बोल्टच्या जाडीपेक्षा बोल्ट आणि आवळलेल्या प्लेटा यांपैकी अधिक ताठर कोण, यावर ठरते.

बोल्ट आवळला की तो ताणला जातो आणि प्लेटा तेवढ्याच बळाने दाबल्या जातात. जाळे ओढताना विंच उचलला जाऊ लागला, की बोल्ट जितका लांबतो तितक्याच प्लेटा सैलावतात. म्हणून बाहेरची ओढ दोघांत ताठरतेच्या प्रमाणात वाटली जाते.

८.८ ग्रेडचा १६ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. प्लेटांची एकूण जाडी ४० मिलिमीटर, आवळ ६० किलोन्यूटन, आणि प्रत्येक बोल्टवर शून्यापासून २० किलोन्यूटनपर्यंत येणारी-जाणारी ओढ. पोलादावर पोलाद असेल तर प्लेटा बोल्टच्या सुमारे चौपट ताठर असतात, त्यामुळे बोल्टच्या वाट्याला फक्त ४ किलोन्यूटन जादा येतात आणि उरलेले १६ प्लेटांवरचा दाब कमी करण्यात खर्ची पडतात. सांधा उघडायला सुमारे ७५ किलोन्यूटनची ओढ लागेल.

मध्ये रबर आले की चित्र उलटते. पट्ट्यामुळे प्लेटांची बाजू बोल्टच्या आठव्या हिश्शाइतकीच ताठर उरली, तर २० पैकी जवळपास १८ किलोन्यूटन बोल्टच सोसतो. कागदावर रबराचा सांधा उघडायला उलट अधिक ओढ लागते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पाणी रोखण्यासाठी ते उपयोगीच आहे. पण थकव्याचा हिशेब वेगळा आहे. पोलादी सांध्यात बोल्टमधला ताण सरासरीच्या वर-खाली सुमारे १३ मेगापास्कल हलतो, तर रबराच्या सांध्यात ५७. रोल केलेल्या आट्यांचा असा बोल्ट साधारण ४५ मेगापास्कलपर्यंतच हे अनिश्चित काळ सोसतो. शिवाय रबर दबून बसत जाते आणि आवळ आपोआप घटतो. असा बोल्ट बहुधा नटातल्या पहिल्या आट्याशी तुटतो, आणि तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळ्या दिसतात.

म्हणून माझा कौल पोलादाकडे आहे. पाणी अडवायचे असेल तर सीलंट तळाच्या कडेने बाहेरून लावावे, दाबाच्या वाटेत नव्हे. मात्र पोलादी सांध्याचीही एक खोड आहे: ६० किलोन्यूटनला हा बोल्ट जेमतेम ०.०७५ मिलिमीटर ताणला जातो, त्यामुळे नटाखालचा गंजरोधक रंग ०.०३ मिलिमीटर बसला तरी आवळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. टेकणाऱ्या जागेवरचा जाड रंग आधी खरवडावा आणि पहिल्या फेरीनंतर टॉर्क पान्याने आवळ पुन्हा तपासावा.