थर्मामीटर की बार चेक?

धरणाच्या जलाशयात होडीतून खोली मोजायला निघालेला मित्र अडलाय: ध्वनीचा वेग तापमानावरून ठरवू, की बार चेक करू, म्हणजे ठाऊक खोलीवर पाटी सोडून यंत्र तपासू?

त्याचं यंत्र तळाकडे ध्वनी सोडतं आणि त्याचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरतं. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदांत परतला, की निम्म्या वेळेवरून ३० मीटर दाखवतं. पण २० अंशांच्या गोड्या पाण्यात वेग साधारण १४८२. म्हणजे खरी खोली २९.६४ मीटर.

थर्मामीटर स्वस्त. मात्र वरचं पाणी कोमट, तळाचं गार, म्हणून तापमान दर काही मीटरवर घ्यायचं. खाडीत क्षारताही लागते.

बार चेकमध्ये खुणांच्या साखळीवर धातूची पाटी ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे यंत्राच्या ध्वनी सोडणाऱ्या भागाखाली, सोडून यंत्राचा आकडा साखळीच्या खुणेशी जुळवतात. ट्रान्सड्यूसर किती बुडालाय, ती चूकही इथेच सापडते. वारा किंवा प्रवाह असला की साखळी तिरकी होते आणि सगळी मेहनत वाया.

उथळ, शांत पाण्यात बार चेक. खोल जलाशयात तापमानच घ्यावं.