एसक्यूएम असलेला राउटर, काही महिन्यांच्या वापरानंतर: कॉल सुधारले, दर्जाचा आलेख मात्र फसवा

स्पेसिफिकेशन सगळ्यांनी वाचलेली असतात, म्हणून ती इथे पुन्हा देत नाही. हा राउटर घेण्यामागे कारण एकच होतं, त्यातलं एसक्यूएम, म्हणजे डेटाची रांग शिस्तीत लावणारी सोय. स्पीड टेस्ट उत्तम दाखवत होती, पॅकेट लॉस शून्य होता, तरीही घरातून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की कॉलवरचा आवाज तुटायचा. यावर मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, कारण आवाजाच्या कॉलला १०० केबीपीएससुद्धा पुरतात.

अडचण अपलोडच्या रांगेत असते. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये १ एमबी डेटा साचलाय. तेवढा बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात आणि आवाजाचं इवलंसं पॅकेटही त्या गर्दीमागे ताटकळतं. बॅकअप चालू असताना दुसऱ्या लॅपटॉपवरून, केबल लावून, हे चालवून बघा:

```
ping -i 0.2 -c 300 1.1.1.1
```

मिनिटभराने शेवटची ओळ अशी आली:

```
rtt min/avg/max/mdev = 17.2/96.4/431.0/118.3 ms
```

सरासरी ९६ मिलिसेकंद बघून कोणीही म्हणेल, चांगलं आहे. घोळ mdev मध्ये आहे, म्हणजे वेळेच्या चढउतारात. (कॉलचा जिटर वेगळ्या सूत्राने काढतात, पण रोग ओळखायला हा आकडा पुरतो.) ऐकणाऱ्याच्या बाजूचा, उशिरा येणाऱ्या पॅकेटांची थोडी वाट बघणारा जिटर बफर समजा ६० मिलिसेकंदांचा असेल, तर २०० मिलिसेकंद उशिरा आलेलं पॅकेट पोहोचूनही फेकलं जातं. लॉस शून्य, आवाज तुटका. बफर मोठा करून ॲप उशिरा आलेली पॅकेट सांभाळून घेतं, पण मग उत्तर उशिरा पोहोचतं आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

एसक्यूएममध्ये `cake` ही रांग लावण्याची पद्धत निवडून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे इथे ९ एमबीपीएसवर ठेवली. आता रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते आणि तिथे कॉलच्या पॅकेटांना बॅकअपमागे थांबावं लागत नाही. त्याच बॅकअपमध्ये पिंग तिशीच्या आत राहतो. थोडा वेग सोडावा लागतो, तो खुशाल सोडावा. फक्त लाइन काहीशे एमबीपीएसची असेल, तर राउटरचा प्रोसेसर एसक्यूएम चालू असताना तेवढा वेग पेलतो का, हे आधी तपासा.

इथपर्यंत पाच तारे होते. नंतर मत बदललं, ते याच्या ‘कनेक्शनचा दर्जा’ या पानामुळे.

कॉल अधूनमधून पुन्हा अडखळू लागले आणि हे पान सांगत होतं: लॉस १ टक्का, हिरवी खूण. इंटरनेट पुरवठादाराच्या ग्राहक सेवेनेही तोच आकडा पुढे केला. आता हिशेब करा. आवाजाचं पॅकेट साधारण २० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाला ५० आणि मिनिटाला ३०००. त्याचा १ टक्का म्हणजे ३० पॅकेट. ती मिनिटभरात विखरून हरवली तर ऐकणाऱ्याला बहुधा कळणारही नाही, कारण आवाज दाबून पाठवणारा ओपससारखा कोडेक एखादं हरवलेलं पॅकेट पुढच्या पॅकेटातल्या जादा माहितीवरून भरून काढू शकतो. तीच ३० सलग गेली तर ०.६ सेकंद आवाज गायब, म्हणजे ‘उद्या नको’ मधलं ‘नको’ गेलं. टक्का दोन्हीकडे सारखाच.

म्हणून टक्का बघू नका, खंड बघा. पिंगच्या ओळींमध्ये icmp_seq हा क्रमांक १४१ नंतर थेट १४७ आला, तर मधल्या पाच पिंगांची उत्तरं आलीच नाहीत, म्हणजे सुमारे एक सेकंद लाइन मुकी होती. `ping -D` वेळही छापतं. केबलवरून घेतलेली अशी नोंद पाठवली, तेव्हा कुठे तक्रार पुढे सरकली आणि बाहेरचा सैल कनेक्टर सापडला. केबलवर खंड नाहीत आणि वायफायवर आहेत, असं दिसलं तर मात्र पुरवठादाराशी भांडू नका. दोष घरातच आहे.

मर्यादा म्हणून एका दिशेची लेटन्सी १५० मिलिसेकंदांच्या आत हवी. आयटीयूच्या जी.११४ शिफारशीतला आकडा हाच आहे, आणि ४०० च्या पलीकडे जाऊ नये असंही ती सांगते. पण पिंग जाऊन-येऊनचा वेळ मोजतो आणि त्यात कोडेक व जिटर बफरचा वेळ नसतो, म्हणून पिंग १५० च्या आत असलेला बरा. जिटर ३० मिलिसेकंदांखाली आणि लॉस १ टक्क्याखाली, तोही विखुरलेला. व्हिडिओला लॉस जास्त झोंबतो, कारण एका फ्रेमचं पॅकेट गेलं की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या फ्रेमही बिघडतात.

क्रोममध्ये कॉल चालू असताना chrome://webrtc-internals उघडलं की inbound-rtp खाली jitter दिसतो. तो सेकंदांत असतो, ०.०३० म्हणजे ३० मिलिसेकंद. शेजारी packetsLost स्थिर राहून packetsDiscarded वाढत असेल, तर पॅकेट पोहोचताहेत पण अवेळी. तिथे आधी रांगेचा बंदोबस्त करा.

एसक्यूएमसाठी राउटर घ्यावा असाच आहे. एक तारा त्या पानासाठी कापलाय. पुढच्या फर्मवेअरमध्ये प्रत्येक मिनिटातला सर्वांत लांब खंड दाखवायला लागले, तर तो लगेच परत देईन.