अमिता आणि मुक्ता: शुभेच्छापत्रांवर ही जोडी वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या ठाण्यातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांना जाणारी शुभेच्छापत्रे मी गेल्या गणेशोत्सवापासून अमिता आणि मुक्ता हे दोन फॉन्ट एकत्र वापरून तयार करीत आहे. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. अमिताचे वळण सुलेखनाचे आहे आणि तिच्यात साधी व ठळक अशा दोनच जाडी आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता मात्र साधा, मोकळ्या अक्षरांचा आणि सात जाडींचा आहे. ही जोडी मला पसंत पडली आहे. मात्र वळणदार अक्षराला किती शब्द द्यायचे, हे आधी ठरवावे लागते.

वळणदार देवनागरीत वाचनाची अडचण नेमकी कुठे येते, हे ठाऊक असले की ते ठरवणे सोपे जाते. भ आणि म, ध आणि घ या जोड्यांमधला फरक अक्षराच्या डाव्या डोक्याशी असतो: भ आणि ध यांच्या डोक्यावर शिरोरेघ तुटते आणि तिथे लहानशी गाठ येते. हस्ताक्षरासारख्या अनेक फॉन्टमध्ये शिरोरेघ नसतेच, किंवा ती लाटेसारखी वर-खाली जाते, आणि मग सगळा भार त्या एका गाठीवर येतो. अक्षर लहान केले की गाठ मिटते आणि ‘शुभेच्छा’ हा शब्द ‘शुमेच्छा’ असा दिसू लागतो. अमिताला शिरोरेघ असल्यामुळे हा धोका कमी होतो, तरीही २० पॉइंटच्या खाली मी तिला नेत नाही.

एका सभासदांच्या पंचाहत्तरीच्या कार्डाचे उदाहरण घेऊ. कार्ड ५ × ७ इंच, उभे. दोन्ही बाजूंचा समास सोडल्यावर ओळीला चार इंच उरतात. घरच्यांनी दिलेली ओळ होती ‘अमृतमहोत्सवी वाढदिवसानिमित्त अभीष्टचिंतन’. ती संपूर्ण अमितात घेतली असती, तर एक तर तीन ओळी झाल्या असत्या, नाही तर अक्षर इतके लहान झाले असते की ‘त्स’ आणि ‘ष्ट’ ही जोडाक्षरे भरून गेली असती. म्हणून फक्त ‘अभीष्टचिंतन’ हा शब्द ठळक अमितात ४४ पॉइंटला ठेवला, त्याच्यावर उरलेले दोन शब्द मुक्ताच्या मध्यम जाडीत १६ पॉइंटला घेतले आणि खालचा मजकूर साध्या मुक्तात १३ पॉइंटला, २० पॉइंटच्या ओळ-अंतराने लावला. वाचणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे असल्यामुळे १३ पॉइंट मला आवश्यक वाटतात. ओळ-अंतर कमी केले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. सत्कारमूर्तींचे नावही मी साध्या अक्षरातच ठेवले. ज्योत्स्ना, कृष्णाजी अशा नावांतली जोडाक्षरे वळणदार फॉन्टमध्ये हमखास गुंततात, आणि स्वतःचे नाव अडखळत वाचावे लागणे कोणालाही रुचत नाही.

शीर्षक पसरट दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह होतो. इंग्रजीत ते चालते. देवनागरीत मात्र शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि शब्दाचा सांधाच निखळतो. शब्द मोठा हवा असेल, तर पॉइंट वाढवावेत.

एका विनामूल्य हस्ताक्षरी फॉन्टवर मी याच काळात फुली मारली, कारण त्यात ‘येणाऱ्या’मधला अर्धा र रफारासारखा ‘र्या’ उमटत होता. नवा फॉन्ट घेताना मी आता ‘येणाऱ्या, हार्दिक, अभीष्ट, शुभेच्छा, लाभो’ एवढे शब्द आधी टाइप करून पाहते. मराठी वळणाचे ल आणि श मिळतात का, हेही त्यातच कळते. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावरच ते दिसतात.

छपाईच्या वेळी फाइल नेहमी फॉन्ट अंतर्भूत केलेल्या पीडीएफ स्वरूपात द्यावी. आमच्या भागातील एका छापखान्यात अजून जुनी, युनिकोड नसलेली डीटीपी पद्धत चालते आणि तिथे मजकूर चिकटवला की अक्षरांची चिन्हे होतात. लहान मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चार रंगांत छापला आणि रंग किंचित सरकले, तर १३ पॉइंटच्या अक्षराला सावली येते. गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर हवे असेल, तर शाई आत पसरून अक्षर बारीक होते, म्हणून तिथे मुक्ताची एक पायरी वरची जाडी घ्यावी. खरबरीत हातकागदावर साध्या अमिताच्या बारीक रेषा तुटतात, तिथे ठळकच वापरावी.

संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिलेले कार्ड नेहमीच वाचनीय वाटते. त्यामुळे मी प्रत्येक कार्ड खऱ्या मापात साध्या कागदावर छापते आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये हातभर अंतरावर धरून वाचते. भेटवस्तूला बांधायच्या दोन इंची चिठ्ठीवर मात्र ही जोडी बसत नाही. तिथे मी सगळा मजकूर मुक्तातच ठेवते.