साटिनवर साटीन टाका: भराव दोऱ्याचा की फेल्टचा?

साटिन सिल्क किंवा क्रेपच्या ब्लाउजवर उठावाची पाकळी भरायची असेल, तर टाक्याखाली भराव कशाचा द्यायचा हा प्रश्न पडतोच. फेल्टचा तुकडा कापून बसवायचा, की दोऱ्यानेच भराव घालायचा? दोन्ही चालतात. पण सुळसुळीत कापडावर दोघांच्या कडा सारख्या येत नाहीत.

त्याआधीची तयारी मात्र एकच. मागे धुऊन आटवलेली मलमल लावायची आणि दोन्ही कापडांचे उभे धागे एका दिशेत ठेवून कच्चे टाके घालायचे. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड निसटत नाही. ही मलमल वगळली, तर पुढे कोणताही भराव वापरला तरी चुण्या पडतात, कारण साटीन टाका सगळा ताण एकाच दिशेने, आडवा देतो आणि तो पेलायला साटिनच्या विणीत पकड नसते.

उदाहरणाला अडीच सेंमी लांब आणि मधोमध 7 मिमी रुंद अशी टोकदार पाकळी घेऊ. दोन्ही पद्धतींत आधी एकेरी धाग्याने, 2 मिमीच्या बारीक स्प्लिट टाक्याने बाह्यरेषा घालून घ्यायची. पुढे कड सरळ धरून ठेवते ती हीच रेषा.

फेल्टची मोठी सोय म्हणजे वेळ वाचतो. तुकडा रेषेच्या अर्धा-एक मिमी आत बसेल इतका कापायचा आणि आतून बाहेर नव्हे, तर बाहेरच्या कापडातून वर येऊन फेल्टमध्ये सुई उतरवत टाचायचा. उठाव जास्त हवा असेल तर लहान तुकडा आधी, मोठा त्याच्यावर. उंची सगळीकडे एकसारखी मिळते.

पण फेल्टची कापलेली कड उभी असते, आणि मला खटकते ती नेमकी हीच गोष्ट. वरचा धागा फेल्टवरून उतरून रेषेपर्यंत जाताना मधल्या फटीत बुडतो आणि पाकळीभोवती एक बारीक चर दिसतो. चर टाळायला फेल्ट रेषेला भिडवला, तर सुई त्याच्या कडेत शिरते, तिथे जरा अडते आणि टाका केसभर आत पडतो. पुढचा टाका बाहेर, त्यापुढचा पुन्हा आत. खादीवर किंवा लिननवर हे खपून जातं. साटिनच्या चकाकीत कड दातेरी दिसते. त्यातच सुईबरोबर फेल्टचे तंतू वर येतात. गडद कापडावर पांढरा फेल्ट असेल तर ते चिमट्याने वेचत बसावं लागतं, म्हणून निदान फेल्ट तरी वरच्या धाग्याच्या रंगाचा घ्यावा. टोकाला तर फेल्ट तितका निमुळता कापताच येत नाही.

दोऱ्याच्या भरावात बाह्यरेषेच्या आत, पाकळीच्या लांबीच्या दिशेने, दोन धाग्यांच्या साखळी टाक्याच्या ओळी घालायच्या. या पाकळीत मधोमध चार ओळी बसतात, टोकाकडे दोन आणि शेवटी एकच. मग मध्यावर आणखी दोन ओळींचा दुसरा थर. त्यामुळे मध्य उंच राहतो आणि उतार कडेपर्यंत आपोआप येतो. धाग्याला बुडायला फट उरत नाही. साखळी ओढून घट्ट करू नये, नाहीतर पाकळी लांबीत आखडते.

वरचा टाका एकेरी धाग्याने, 9 किंवा 10 नंबरच्या सुईने, भरावाच्या आडव्या दिशेत. भराव आणि वरचा टाका एकाच दिशेत गेले तर वरचे धागे भरावाच्या खाचांत शिरतात आणि पृष्ठभागावर रेघा उठतात. सुरुवात पाकळीच्या मध्यातून करून एका टोकाकडे जायचं, मग परत मध्यावर येऊन दुसरीकडे. सुई बाह्यरेषेला चिकटून बाहेरून वर काढायची. उतरवताना समोरच्या रेषेबाहेर, टोक किंचित रेषेखाली तिरकं घालून. धागा पिळला की चमक जाते, तेव्हा चार-पाच टाक्यांनी सुई मोकळी लोंबू द्यावी. मधूनमधून रिंग उजेडात तिरकी धरली, की बाहेर गेलेला टाका लगेच दिसतो. तो तेव्हाच उसवावा. साटिनवर सुईची जुनी भोकं बुजत नाहीत.

वेळ जास्त लागतो, हे कबूल. आकार सेंटिमीटरहून रुंद असेल तर साटीन टाका मुळातच अडकतो नि ओघळतो, तिथे तो मध्यशिरेने दुभागलेला बरा. सपाट, उंच उठाव हवा असेल किंवा वर जरीची तार बसवायची असेल, तर फेल्टच घ्यावा. पण धुवायच्या ब्लाउजवर लोकरी फेल्ट घालताना दोनदा विचार करावा: तो आटतो आणि वरचे टाके सैल पडतात. फुलं-पानं-अक्षरांसाठी माझा हात तरी दोऱ्याकडेच जातो. इस्त्री दोन्हींना उलट बाजूनेच, खाली जाड टॉवेल घालून, न दाबता.