छोटे विभाग आणि 120 जणांचा नमुना: वाटा प्रमाणात द्यावा की किमान संख्या ठरवावी?

समजा, रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात 1200 विद्यार्थी आहेत आणि सर्वेक्षणासाठी 120 जण निवडायचे आहेत. मत्स्यविज्ञानात फक्त 24 मुलं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या, तर शंभरातल्या सुमारे 8 वेळा त्यांच्यातलं एकही नाव निघणार नाही. म्हणून आधी विभागवार याद्या करायच्या आणि प्रत्येक यादीतून वेगळी सोडत काढायची. यालाच स्तरित नमुना म्हणतात. खरा निर्णय पुढे आहे: कुठल्या यादीतून किती नावं? एक तर पटाच्या प्रमाणात, नाहीतर प्रत्येक विभागाला किमान 12 ठेवून उरलेली नावं मोठ्या विभागांत प्रमाणात.

| विभाग | पट | प्रमाणात | किमान 12 |
|---|---|---|---|
| वाणिज्य | 560 | 56 | 48 |
| कला | 300 | 30 | 26 |
| विज्ञान | 260 | 26 | 22 |
| आयटी | 56 | 6 | 12 |
| मत्स्यविज्ञान | 24 | 2 | 12 |

प्रमाणात वाटलं की हिशेब सोपा राहतो. सगळ्यांची उत्तरं एकत्र मोजली तरी टक्केवारी जवळपास बरोबर येते. अहवालात विभागवार काही लिहायचं नसेल, तर हेच करा. पण मत्स्यविज्ञानाची दोन मुलं म्हणजे कागदावरची हजेरी. त्यातली एक जरी पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर प्रात्यक्षिकाला गेली असेल, तर अख्ख्या विभागाचं मत एका मुलावर येतं.

विभागांची तुलना करायची असेल, तर मी किमान 12 चीच बाजू घेईन. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक उत्तराला भार द्यावा लागतो, म्हणजे विभागाचा पट भागिले त्यातून निवडलेले. मत्स्यविज्ञानाचा एक विद्यार्थी 2 जणांच्या वतीने बोलतो, वाणिज्यचा जवळजवळ 12 जणांच्या.

हा भार विसरला की काय होतं ते पाहा. ‘सकाळी सातचा तास जमत नाही’ असं दोन्ही छोट्या विभागांतून प्रत्येकी 12 पैकी 9 जण म्हणाले आणि उरलेल्या 96 मधून 24. सरळ बेरीज 42, म्हणजे 35 टक्के. भार लावून तोच आकडा सुमारे 28 टक्क्यांवर येतो. प्राचार्यांपुढे 35 ठेवला, तर वेळापत्रक चुकीच्या आकड्यावर बदलेल.

भारांमुळे एकूण अंदाजाची अचूकताही थोडी घटते. 120 जणांचा हा नमुना प्रमाणात वाटलेल्या साधारण 108 जणांइतकंच काम करतो. मला हा सौदा परवडतो, कारण त्या बदल्यात छोट्या विभागाबद्दल काहीतरी सांगता येतं. तेही जपूनच, कारण 12 मध्ये एका मुलाचं उत्तर फिरलं तरी 8 टक्के हलतात. मुली आणि मुलगे असे आणखी तुकडे तिथे करू नका.

दोन्ही पद्धतींत घात होतो तो एकाच जागी. निवडलेला मुलगा एसटी चुकली म्हणून आला नाही, की कॅन्टीनमध्ये समोर दिसेल त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला जातो. सोडतीच्या वेळीच प्रत्येक विभागाची राखीव यादी काढून ठेवा. दोन-तीनदा गाठूनही मुलगा भेटला नाही, तरच त्याच विभागाच्या राखीव यादीतलं पुढचं नाव घ्या.