टोकदार हनुवटी: केस कॉलरबोनपर्यंत ठेवावेत की लांब ठेवून लेयर्स द्यावेत?

कपाळ रुंद, गालाची हाडं वर आलेली आणि खाली जबडा झपकन निमुळता झालेला, असा हार्ट शेपचा चेहरा असेल तर केसांचा फुगीरपणा डोक्यावर आणि कानशिलांपाशी कमी हवा, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जास्त हवा. ते साधायचे दोन मार्ग पार्लरमध्ये सर्रास सुचवले जातात: कॉलरबोनपर्यंतचा लॉब, नाहीतर लांबी तशीच ठेवून पुढून लेयर्स. हनुवटीशीच संपणारा बॉब मी इथे धरलेला नाही. त्याची कड नेमकी टोकावर येते, आणि ब्लो ड्राय करून टोकं आत वळवली की हनुवटी आणखीच बारीक दिसते.

लॉबचा फायदा असा की केसांची टोकं हनुवटीच्या खाली तीन-चार इंचांवर येऊन थांबतात. लांब केसांचा भार नसल्यामुळे मधला भाग खाली ओढला जात नाही, तो मानेच्या दोन्ही बाजूंना भरून राहतो. केस पातळ असतील तर माझं मत सरळ लॉबच्या बाजूने आहे, तेही जवळजवळ बिनलेयरचा. पातळ केसांना लांबी ठेवून लेयर्स दिले की खाली शेपट्या उरतात आणि जिथे भर हवी तिथेच केस विरळ होतात. लॉबची टोकं किंचित बाहेर वळलेली चालतात, किंबहुना बरी दिसतात.

दाट केसांचं गणित वेगळं. दाट, लाटदार केस सरळ रेषेत कॉलरबोनपर्यंत कापले तर खाली त्रिकोण होतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. अशा केसांना लांब लेयर्स शोभतात. पण सगळी मदार पहिला लेयर कुठे सुरू होतो यावर आहे. तो गालाच्या हाडापाशी सुरू झाला तर फुगवटा तिथेच येतो, म्हणजे आधीच रुंद असलेला भाग आणखी रुंद. तो हनुवटीशी किंवा बोटभर खाली सुरू व्हायला हवा. नुसतं ‘स्टेप कट करा’ म्हटलं की बरेचदा पहिली स्टेप वरच पडते, म्हणून आरशासमोर बोट ठेवून जागा दाखवावी.

ओले केस ताणले जातात, हेही लक्षात घ्या. लाटदार केस वाळल्यावर सहज इंचभर वर चढतात. ओल्या केसांवर हनुवटीशी कापलेला लेयर वाळल्यावर ओठांपाशी दिसू शकतो. त्यामुळे पुढचे लेयर ओले असताना इंच-दीड इंच लांब ठेवायला सांगावेत आणि उरलेलं वाळल्यावर कापून घ्यावं. दाटपणा कमी करायला थिनिंगची कात्री वापरणार असतील तर ती हनुवटीच्या पातळीला नको. तिथले केस आपल्याला हवे आहेत.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे केस दाट, लाटदार, पाठीच्या मध्यापर्यंत. दुसरीकडे केलेल्या स्टेप कटमध्ये पहिली स्टेप गालाच्या हाडाशी होती. मधला भांग पाडला की वर फुगा, खाली टोक. तिला लांबी सोडायची नव्हती, कारण लोकलच्या गर्दीत वेणीच बरी पडते. गालाच्या हाडापासून हनुवटीच्या खालपर्यंत साधारण तीन इंच. केस महिन्याला अर्धा इंच वाढतात, म्हणजे सहा महिने थांबणं आलं. लगेच फरक हवा असता तर लॉब केला असता: लांबी कमी केली की छोट्या स्टेप आणि टोकं यांच्यातलं अंतर घटतं, आणि उरलेले केस हनुवटीखाली एकत्र येतात. तिने थांबायचं ठरवलं. तोवर आम्ही भांग तिरपा केला आणि पुढच्या बटा कपाळाच्या कडांवरून गालापर्यंत फ्लिक्ससारख्या वळवल्या. कपाळ तेवढ्यानेच अरुंद दिसू लागलं. खालचे लेयर मात्र मी हात न लावता सोडले.

वेणी-आंबाड्याचा प्रश्न अनेकींना नंतर आठवतो. हनुवटीशी सुरू होणारे लेयर वेणीतून निसटतात, त्यांना पिन लागतेच. लॉबची घट्ट वेणी होत नाही, छोटी पोनी होते, आणि पोनीत सगळे केस मागे गेले की हनुवटी पुन्हा उघडी पडते. दोन्हीकडे दोन बटा कानापुढे सोडाव्या लागतात.

खर्चाचं म्हणाल तर लॉबला दर सहा ते आठ आठवड्यांनी कात्री लागते, नाहीतर टोकं खांद्यावर आपटून वेडीवाकडी वळतात. लांब लेयर्स तीन-चार महिने निभावतात. केस पातळ असतील तर हा जास्तीचा खर्च सोसूनही मी लॉबच सुचवेन. दाट आणि रोज बांधावे लागणारे असतील तर लांब लेयर्स, पण पहिला लेयर हनुवटीच्या वर जाणार नाही याची खात्री करूनच.